राउंड रॉबिनचा गँट चार्ट जुळत नाही तेव्हा

ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रॅक्टिकलच्या वह्या तपासताना राउंड रॉबिनच्या असाइनमेंटमध्ये मला वर्षानुवर्षे त्याच चार-पाच चुका सापडत आल्या आहेत. गंमत अशी की चूक कोणती आहे हे बहुतेक वेळा चार्ट पाहण्याआधी, नुसत्या उत्तराच्या आकड्यावरूनच ओळखता येते. म्हणून आधी लक्षणे देतो आणि मग एका मिनिटात होणाऱ्या तपासणीपासून प्रोग्रॅम उघडाव्या लागणाऱ्या तपासणीपर्यंत क्रमाने जातो.

लक्षणे

- तुमची आणि शेजाऱ्याची सरासरी थोडक्याने वेगळी येते, उदाहरणार्थ ३.५० आणि ३.७५. बेरजा दोघांच्याही बरोबर असतात.
- सरासरी तंतोतंत जुळते, पण तक्त्यातील दोन प्रोसेसचे आकडे जुळत नाहीत.
- चार्ट योग्य ठिकाणी संपतो, पण मध्ये सीपीयू रिकामा असायला हवा तो तुकडाच नाहीसा झालेला असतो.
- प्रोग्रॅमच्या आउटपुटमध्ये वेटिंग टाइम आणि टर्नअराउंड टाइम हे दोन्ही रकाने एकसारखे येतात.
- एखाद्या प्रोसेसचा टर्नअराउंड टाइम ऋण येतो, किंवा प्रोग्रॅम संपतच नाही.

ज्या उदाहरणावर तपासणी करायची ते

पुस्तकातील पहिल्या उदाहरणांत बहुधा सगळ्या प्रोसेस शून्य वेळेलाच आलेल्या असतात आणि तिथे यांतील निम्म्या चुका लपून राहतात. म्हणून मी मुद्दाम असे उदाहरण वापरतो, ज्यात एक प्रोसेस नेमकी क्वांटम संपतानाच येते आणि दुसरी इतक्या उशिरा येते की सीपीयूला तिची वाट पाहावी लागते. क्वांटम २ धरा.

| प्रोसेस | अरायव्हल टाइम | बर्स्ट टाइम |
|---|---|---|
| P1 | ० | ५ |
| P2 | २ | ३ |
| P3 | ३ | ४ |
| P4 | १४ | २ |

याचा बरोबर चार्ट असा येतो:

```
| P1 | P2 | P1 | P3 | P2 | P1 | P3 | रिकामा | P4 |
०    २    ४    ६    ८    ९    १०   १२       १४   १६
```

पुढे वाचण्याआधी चार्ट झाकून स्वतः एकदा काढून पाहा. तुमचा चार्ट कोणत्या आकड्यावर वेगळा होतो, त्यावरून खालीलपैकी कोणती तपासणी तुमच्या कामाची आहे हे लगेच समजेल.

पहिली तपासणी: प्रत्येक प्रोसेसच्या तुकड्यांची बेरीज

हिला कागद-पेन्सिलशिवाय काहीच लागत नाही. चार्टमधील P1 चे सगळे तुकडे शोधा, त्यांच्या लांबीची बेरीज करा आणि ती बर्स्ट टाइमइतकी आहे का ते पाहा. वरच्या चार्टमध्ये P1 ला २, २ आणि १ असे तीन तुकडे मिळाले असून त्यांची बेरीज ५ होते. P2 चे २ आणि १ मिळून ३, तर P3 चे २ आणि २ मिळून ४ होतात. P4 ला एकच तुकडा आहे.

पुष्कळ जण ही तपासणी न करता फक्त शेवटचा आकडा पाहतात: सगळ्या बर्स्टची बेरीज १४, त्यात रिकामे २ मिळवले की १६, चार्टही १६ वर संपतो, म्हणजे बरोबर. हा विश्वास किती फसवा आहे हे पुढच्या चार्टवरून दिसेल. असा चार्ट मी अनेक वह्यांत पाहिला आहे.

```
| P1 | P2 | P1 | P3 | P2 | P1 | P3 | P4 |
०    २    ४    ६    ८    १०   १२   १४   १६
```

हा चार्टही १६ वरच संपतो, दिसायलाही अधिक नीटनेटका आहे, पण चुकीचा आहे. ८ वाजता P2 चे फक्त १ युनिट काम उरलेले होते, तरी विद्यार्थ्याने त्याला क्वांटम पूर्ण दिला. १० वाजता P1 चेही तेच झाले. असे फुकट दिलेले दोन युनिट नेमके रिकाम्या वेळेइतके भरले आणि चूक झाकली गेली. तुकड्यांची बेरीज केली असती तर P1 ला ६ आणि P2 ला ४ युनिट मिळाल्याचे तत्काळ दिसले असते. या चार्टवरून वेटिंग टाइमची सरासरी ४.७५ येते, खरी ३.५० आहे.

नियम एवढाच आहे की क्वांटम ही कमाल मर्यादा असते, प्रोसेसचे काम आधी संपले तर ती त्याच क्षणी सीपीयू सोडते आणि पुढच्या प्रोसेसला नवा, पूर्ण क्वांटम मिळतो. मागच्याचा उरलेला अर्धा क्वांटम पुढच्याच्या वाट्याला येत नाही.

दुसरी तपासणी: वजाबाकी कशातून कशाची

चार्ट बरोबर असूनही तक्ता चुकला असेल, तर कारण जवळजवळ नेहमी सूत्रात असते. सूत्रे दोनच आहेत:

```
TAT = CT - AT
WT  = TAT - BT
```

टर्नअराउंड टाइम म्हणजे प्रोसेस आल्यापासून पूर्ण होईपर्यंतचा सगळा काळ आणि त्यातून प्रत्यक्ष सीपीयूवर घालवलेला वेळ वजा केला की उरते ते वाट पाहणे. वरच्या बरोबर चार्टवरून तक्ता असा होतो:

| प्रोसेस | कम्प्लिशन | टर्नअराउंड | वेटिंग |
|---|---|---|---|
| P1 | १० | १० | ५ |
| P2 | ९ | ७ | ४ |
| P3 | १२ | ९ | ५ |
| P4 | १६ | २ | ० |

टर्नअराउंडची बेरीज २८ असून सरासरी ७ येते. वेटिंगची बेरीज १४ होते आणि सरासरी ३.५०.

येथे दोन चुका होतात. पहिलीत अरायव्हल टाइम वजा करायचाच राहून जातो, कारण सगळ्या प्रोसेस शून्याला आलेल्या असताना कम्प्लिशन आणि टर्नअराउंड एकच असतात आणि तीच सवय हाताला लागलेली असते. तशी चूक झाली तर P4 चा टर्नअराउंड १६ येईल, म्हणजे जी प्रोसेस आल्या आल्या चालू झाली आणि दोन युनिटांत संपली, तिने सोळा युनिट घालवल्याचे तुमची वही सांगेल. दुसऱ्या चुकीत वेटिंग टाइम म्हणून ‘पहिल्यांदा सीपीयू मिळाल्याची वेळ वजा अरायव्हल’ लिहिले जाते. तो रिस्पॉन्स टाइम आहे. एफसीएफएसमध्ये दोन्ही सारखे येतात, त्यामुळे मागच्या असाइनमेंटमध्ये ही चूक खपून गेलेली असते; राउंड रॉबिनमध्ये मात्र प्रोसेस पुन्हा पुन्हा रांगेत जाते आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेचे थांबणे या वजाबाकीत मोजलेच जात नाही. आपल्या उदाहरणात P1 चा रिस्पॉन्स टाइम ० आहे, वेटिंग टाइम ५ आहे.

तिसरी तपासणी: वेटिंग टाइम दुसऱ्या वाटेने काढणे

सूत्राने आलेले उत्तर त्याच सूत्राने पुन्हा तपासण्यात अर्थ नाही. प्रकल्पांच्या नियोजनात वापरतात त्या गँट चार्टमध्ये प्रत्येक कामाची ओळ वेगळी असते. आपल्या पेपरात मात्र सगळ्या प्रोसेस एकाच पट्टीत कोंबलेल्या असतात, म्हणून कोणी किती वेळ थांबले हे डोळ्यांना दिसत नाही. कच्च्या पानावर प्रत्येक प्रोसेसची ओळ वेगळी काढा. चालू असताना ठळक रेघ ओढा, रांगेत असताना ठिपके द्या.

```
      ०         ५         १०
P1    ━━━━....━━━━......━━
P2        ━━━━........━━
P3          ......━━━━....━━━━
```

येथे दोन अक्षरे म्हणजे एक युनिट. P1 पहिल्यांदा २ ते ४ आणि नंतर ६ ते ९ थांबली, म्हणजे २ अधिक ३, एकूण ५. P2 एकदाच, ४ ते ८, म्हणजे ४. P3 आल्यावर ३ ते ६ आणि मग ८ ते १०, म्हणजे ५. सूत्राने आलेल्या आकड्यांशी हे जुळले की तक्त्याची चिंता सोडावी. जुळले नाही तर कम्प्लिशन टाइम उतरवून घेताना चूक झाली आहे; बहुतेकदा प्रोसेसच्या शेवटच्या तुकड्याऐवजी आधीच्या एखाद्या तुकड्याचा शेवट लिहिलेला असतो.

मात्र ही तपासणी फक्त चार्ट आणि तक्ता एकमेकांशी जुळतात की नाही एवढेच सांगते. चार्टमधील क्रमच चुकला असेल तर चुकीचा चार्ट आणि चुकीचा तक्ता एकमेकांशी सुखाने जुळतात.

चौथी तपासणी: रेडी क्यू लिहून काढणे

माझ्याकडे येणाऱ्या वह्यांपैकी सर्वाधिक वह्या येथे अडतात आणि त्याचे कारण ‘राउंड’ हा शब्द आहे. विद्यार्थ्याच्या मनात P1, P2, P3 अशी गोल फेरी असते, आणि तो त्याच क्रमाने पाळी देत जातो:

```
| P1 | P2 | P3 | P1 | P2 | P3 | P1 | रिकामा | P4 |
०    २    ४    ६    ८    ९    ११   १२       १४   १६
```

तुकड्यांच्या बेरजा बरोबर, रिकामा वेळ जागेवर, सूत्रेही ठीक. तरी वेटिंगची सरासरी ३.७५ येते. चूक ४ वाजता झाली आहे. त्या क्षणी P3 ला पाळी दिली, पण P1 तिच्याआधीपासून रांगेत उभी होती: ती २ वाजताच मागे जाऊन उभी राहिली, P3 तर ३ वाजता आली. राउंड रॉबिनमध्ये पाळी प्रोसेसच्या क्रमांकावरून ठरत नाही, रांगेवरून ठरते. एसटीच्या तिकीट खिडकीसमोर ज्याला ‘परत रांगेत या’ असे सांगितले, तो जिथे शेपूट असेल तिथे उभा राहतो आणि नंतर आलेला माणूस त्याच्या मागेच असतो.

त्यामुळे चार्ट काढण्याआधी, किंवा निदान चार्टबरोबरच, रांग लिहा. प्रत्येक ओळीत वेळ, काय घडले आणि त्यानंतर पुढून मागे रांग कशी दिसते एवढेच लिहायचे.

| वेळ | काय घडले | रांग |
|---|---|---|
| २ | P2 आली, P1 परतली | P2, P1 |
| ३ | P2 चालू असताना P3 आली | P1, P3 |
| ४ | P2 परतली | P1, P3, P2 |
| ६ | P1 परतली | P3, P2, P1 |
| ८ | P3 परतली | P2, P1, P3 |
| ९ | P2 संपली | P1, P3 |
| १० | P1 संपली | P3 |
| १२ | P3 संपली | रिकामी |
| १४ | P4 आली | P4 |

३ वाजताची ओळ नीट पाहा. त्या वेळी चार्टवर काहीच घडत नाही, P2 चा क्वांटम चालू असतो. म्हणूनच ही ओळ लिहायची राहते आणि P3 नंतर कुठेतरी आठवेल तिथे घुसवली जाते. प्रत्येक तुकडा संपला की ‘या तुकड्याच्या काळात कोण आले?’ हा प्रश्न विचारून आलेल्यांना आधी रांगेत लावावे आणि मगच सीपीयू सोडणाऱ्या प्रोसेसला मागे पाठवावे.

आता २ वाजताची ओळ. त्या एकाच क्षणी P2 येते आणि P1 चा क्वांटम संपतो. कोण पुढे? मी वर नव्या आलेल्या प्रोसेसला पुढे घेतले आहे, कारण असाइनमेंटमध्ये बहुधा तीच रीत गृहीत असते, पण हा अल्गोरिदमचा अटळ भाग नाही, ठरवून घ्यायचा संकेत आहे. उलट संकेत धरला आणि P1 ला पुढे ठेवले, तर ती सलग ४ पर्यंत चालते आणि चार्ट असा होतो:

```
| P1 | P1 | P2 | P3 | P1 | P2 | P3 | रिकामा | P4 |
०    २    ४    ६    ८    ९    १०   १२       १४   १६
```

आता P1 चा वेटिंग टाइम ४ आणि P2 चा ५ येतो, म्हणजे दोघींचे आकडे अदलाबदल होतात, आणि बेरीज तीच राहिल्याने सरासरी पुन्हा ३.५०! सरासरी जुळली म्हणून वही बंद करणारे दोन विद्यार्थी येथे वेगवेगळे तक्ते घेऊन व्हायवाला बसतात. हे जुळणे या आकड्यांपुरते आहे. दुसऱ्या उदाहरणात संकेत बदलला की सरासरीही बदलू शकते. आपण कोणता संकेत धरला ते उत्तराच्या वर एका ओळीत लिहून ठेवावे, म्हणजे तपासणाऱ्याला तुमचा चार्ट त्याच नजरेने वाचता येतो.

पाचवी तपासणी: प्रोग्रॅम

हाताने केलेले उत्तर पक्के झाल्याशिवाय प्रोग्रॅम उघडू नये, कारण कशाशी ताडून पाहायचे हेच माहीत नसेल तर प्रत्येक आउटपुट बरोबर वाटते. पुढील तुकडे सीमध्ये आहेत.

वेटिंग आणि टर्नअराउंड हे रकाने एकसारखे आले, तर बर्स्ट टाइमचा ॲरे चालता चालता शून्यापर्यंत कमी केला गेला आहे आणि शेवटी `wt = tat - bt` करताना `bt` मध्ये शून्य उरले आहे. उपाय म्हणजे `rem` नावाचा वेगळा ॲरे करून सुरुवातीलाच बर्स्ट त्यात उतरवून घेणे आणि मूळ ॲरेला हात न लावणे.

सरासरी ३.५० ऐवजी ३.०० छापली गेली, तर `total / n` मध्ये दोन्ही पूर्णांक आहेत. भागाकारात अपूर्णांक आधीच गळून जातो आणि उत्तर नंतर `float` मध्ये ठेवल्याने तो परत येत नाही. `(float)total / n` लिहा.

सरासरी ३.७५ आली, तर प्रोग्रॅममध्ये बहुधा `for (i = 0; i < n; i++)` असे लूप क्रमांकाने फिरते आहे, म्हणजे चौथ्या तपासणीतील गोल फेरी येथे कोडमध्ये उतरली आहे. अशा लूपमध्ये अटी वाढवत बसण्यापेक्षा खरी क्यू घेणे सोपे पडते. गाभा एवढाच आहे आणि त्यातील ओळींचा क्रम महत्त्वाचा आहे:

```c
int run = rem[i] < q ? rem[i] : q;
t += run;
rem[i] -= run;
add_arrivals(t);
if (rem[i] > 0)
    enqueue(i);
else {
    ct[i] = t;
    done++;
}
```

`add_arrivals(t)` हे `t` पर्यंत आलेल्या, पण अजून रांगेत न लावलेल्या सगळ्या प्रोसेस क्यूमध्ये घालते. ते `enqueue(i)` च्या आधी ठेवले तर नवी प्रोसेस पुढे राहते, नंतर ठेवले तर या प्रोसेसच्या तुकड्यादरम्यान आलेल्यांनाही मागे ढकलते, आणि ते चूक आहे. P3 ३ वाजता आली आणि P2 ४ वाजता परतली, तर P3 पुढेच हवी. तिथे संकेताचा प्रश्नच येत नाही.

टर्नअराउंड ऋण आला, आपल्या उदाहरणात P4 चा -१४, तर मुख्य लूप ‘क्यू रिकामी होईपर्यंत’ असे लिहिले आहे. १२ वाजता क्यू रिकामी होते, लूप सुटते आणि P4 चा कम्प्लिशन टाइम सुरुवातीच्या शून्यावरच राहतो. ही अट बदलून `done < n` केली, पण वेळ पुढे सरकवायला विसरलात, की प्रोग्रॅम १२ वरच फिरत राहतो. दोन्हींवर हा एकच उपाय आहे:

```c
if (queue_empty()) {
    t = at[next];
    add_arrivals(t);
    continue;
}
```

`next` म्हणजे अजून न आलेली पहिली प्रोसेस. त्यासाठी सगळ्या प्रोसेस आधी अरायव्हल टाइमनुसार लावून घ्याव्या लागतात. चार्ट छापत असाल तर वेळ सरकवण्याआधी रिकामा तुकडाही छापा.

कुठे थांबून विचारायचे

या पाचही तपासण्या झाल्यावर तुमचे उत्तर छापील उत्तराशी जुळत नसेल, तर आकडे खेचून जुळवू नका. दोन्ही संकेतांनी चार्ट काढून पाहा आणि छापील उत्तर त्यांपैकी एकाशी जुळते का ते तपासा. एकाशीही जुळत नसेल तर उत्तरात छपाईची चूक असणे शक्य आहे आणि तेव्हा वही घेऊन विषय शिकवणाऱ्या सरांकडे किंवा मॅडमकडे जावे. तुमची रांगेची यादी सोबत असेल तर निर्णय पाच मिनिटांत होतो. नुसता चार्ट नेलात तर त्यांनाही सगळे पहिल्यापासून काढावे लागते.

प्रश्नात कॉन्टेक्स्ट स्विचचा वेळ दिला असेल, तर चार्ट काढायला बसण्याआधीच विचारावे. स्विच चालू असताना आलेली प्रोसेस परतणाऱ्या प्रोसेसच्या पुढे की मागे, अगदी पहिल्या प्रोसेसच्या आधी हा वेळ धरायचा की नाही, आणि रांगेत दुसरे कोणीच नसताना तीच प्रोसेस पुढे चालू राहिली तर स्विच मोजायचा का, या तिन्हींची उत्तरे प्रश्नात क्वचितच लिहिलेली असतात. प्रोसेसला मध्येच आयओसाठी जायचे असेल, किंवा राउंड रॉबिनबरोबर प्रायॉरिटीही दिली असेल, तर वरची एका रांगेची यादी पुरत नाही. तिथे रांगा किती, आणि आयओवरून परतलेली प्रोसेस कोणत्या रांगेत कुठे उभी राहते, हे शिकवणाऱ्यांकडून लिहून घ्यावे आणि मगच पहिला तुकडा आखावा.